पोकळी पाहिल्याशिवाय ग्राउट ओतू देऊ नका : सार्वजनिक बांधकाम खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य अभियंता, तसेच साइटवर उभे राहणारे सर्व सहायक व कनिष्ठ अभियंते,
सार्वजनिक बांधकाम खाते, गोवा

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्यात राहणारी स्ट्रक्चरल इंजिनीअर. आपल्याकडे एकच मागणी घेऊन आले आहे. शाळेची खोली, अंगणवाडी किंवा आरोग्य उपकेंद्र अशा ज्या इमारतीत काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकची भिंतच छताचा भार घेते आणि ब्लॉकच्या पोकळीत उभी सळी घालून ग्राउट भरायचे असते, त्या भिंतीचा खालचा थर रचतानाच प्रत्येक सळीपाशी एक छोटी खिडकी ठेवायला लावा. त्या खिडकीतून पोकळी साफ आहे आणि सळी जागेवर आहे हे तुमच्या अभियंत्याने स्वतः पाहिल्याशिवाय ग्राउट ओतण्याची परवानगी देऊ नका. निविदेच्या तपशिलात हे एक वाक्य वाढवायचे आहे. एवढ्या बारीक गोष्टीसाठी पत्र का, ते सविस्तर सांगते.

कॉलम-बीमचा सांगाडा आधी उभा करून मागाहून भरलेल्या ब्लॉकच्या भिंतींबद्दल मी बोलत नाही. त्यांचा प्रश्न निराळा. एकमजली लहान इमारत मात्र पुष्कळदा सांगाड्याशिवाय, भिंतींच्या भरवशावर बांधली जाते. पूर्वी ती चिऱ्याची असे, आता ब्लॉकची असते. चिऱ्यात सळी ओवायला जागा नाही, पोकळ ब्लॉकमध्ये ती आयतीच आहे, आणि माझ्या मते भूकंपाच्या दृष्टीने ब्लॉकचा सगळ्यात मोठा गुण हाच. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा झोन तीनमध्ये आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पणजीपासून साधारण दोनशे किलोमीटरवर झाला. १९९३ साली किल्लारी हादरली तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. शाळा ही महत्त्वाची इमारत मानली जाते, म्हणून आयएस ४३२६ झोन तीनमध्येही तिच्यासाठी सामान्य घरापेक्षा कडक तरतुदी लावते. कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे आणि दार-खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या सळ्या घालायच्या आणि त्या लिंटल व छताच्या पातळीवरच्या आडव्या पट्ट्यांत अडकवायच्या, हे त्यातूनच येते.

ही सळी नेमके काय करते? जमीन आडवी हलली की भिंतीचा एक कोपरा दाबला जातो आणि समोरचा उचलला जाऊ पाहतो. ब्लॉक दाब सहन करतो, ओढ सहन करत नाही. ओढीने तळाचा आडवा सांधा उघडतो. तिथे सळी असेल तर ओढ तिच्यावर जाते आणि सांधा बंद राहतो. पण सळी आणि ब्लॉक यांची गाठ ग्राउटनेच पडते. ग्राउट सळीला घट्ट धरते, ब्लॉकच्या आतल्या बाजूलाही चिकटते, तेव्हा कुठे सळीचा जोर भिंतीला मिळतो. पोकळीत ग्राउट नसेल तर सळी तिथे नुसती उभी असते.

ओढ सर्वांत जास्त कुठे, तर जोत्याच्या वरच्या पहिल्या दोन-तीन थरांत. जोत्यातून वर आलेली सळी आणि भिंतीतली सळी यांचा जोडही तिथेच असतो. आणि गवंडी वरचे थर रचत असताना पोकळीत पडणारा माल, ब्लॉकच्या कपच्या, सिमेंटच्या गोणीचे तुकडे हे सगळेसुद्धा तिथेच जाऊन साठते. सर्वांत चांगला भराव जिथे हवा, नेमकी तीच जागा सर्वांत वाईट भरली जाते. भिंत एकदा वर गेली की हे वरून दिसतही नाही.

आपल्याच राज्यातल्या एका शाळेच्या खोलीत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. कोणत्या तालुक्यात आणि कोणाचे काम, ते इथे लिहीत नाही. दाराशेजारी स्विचची पेटी बसवायला इलेक्ट्रिशियनने ब्लॉक फोडला तर आत सळी मोकळी. बोटाने हलवली की हलत होती आणि तिच्यावर तांबूस गंज धरला होता. खाली टॉर्च मारला तेव्हा कडक झालेल्या मालाचा बोळा दिसला. वरून बघावे तर तीच पोकळी तोंडापर्यंत भरलेली. मधे कुठेतरी काँक्रीट अडकले होते, त्याच्यावर पुढचे साचले आणि ओतणाऱ्याला वाटले, भरले. बिलात ती सळी होती, ग्राउटही होते. कागद पूर्ण, भिंत अर्धी.

काँक्रीट मधेच का अडकते, यातच सगळी मेख आहे. बहुतेक साइटवर स्लॅबसाठी कालवलेला मालच घमेल्याने पोकळीत टाकतात. त्यात २० मिलिमीटरची खडी असते आणि तो घट्ट असतो, कारण पाणी कमी ठेवा हे आपण सगळ्यांनी कॉलेजात घोकलेले असते. इथे तो नियम उलटा बसतो. पोकळीची रुंदी १३० मिलिमीटरच्या आसपास, मधे सळी, कडेला सांध्यातून आत आलेल्या मालाच्या कोरी. त्यात कोरडा ब्लॉक ओल्या काँक्रीटमधले पाणी लगेच ओढून घेतो. घट्ट मिश्रण दोन थर खाली जाईपर्यंत आणखी घट्ट होते आणि मोठी खडी सळी नि कोर यांच्यात अडते. म्हणून ग्राउट पातळच हवे, इतके की स्लंप २०० ते २८० मिलिमीटर भरावा, आणि खडी १० मिलिमीटरपेक्षा मोठी नको. मापाने एक भाग सिमेंट, तीन भागांपर्यंत रेती आणि दोन भागांपर्यंत बारीक खडी हे ठरलेले मिश्रण आहे. जादा पाण्याने ताकद जाईल ही भीती ठेवू नका. जादा पाणी ब्लॉक शोषतो आणि आत उरते ते पुरेसे मजबूत असते. उलट हेच ग्राउट लोखंडी साच्यात क्यूब भरून तपासले तर साचा पाणी शोषत नाही आणि आकडा उगाच कमी येतो. नमुना घ्यायचा तर चार ब्लॉक जुळवून मधे मोकळ्या राहिलेल्या चौकोनात, टिपकागद लावून घ्यावा.

त्याआधी ब्लॉक उलटा करून बघा. आपल्या बाजारात मिळणाऱ्या ब्लॉकांपैकी बरेच एका बाजूने बंद असतात. आयएस २१८५ मध्ये उघड्या आणि बंद पोकळीचे असे दोन्ही प्रकार बसतात, त्यामुळे पुरवठादार प्रमाणपत्र दाखवतो ते खरेच असते. बंद तोंड वर ठेवले की माल पसरायला सोपे आणि आत सांडतही नाही, म्हणून गवंड्यालाही तोच ब्लॉक आवडतो. पण त्यातून ग्राउट आरपार जाणार कसे? मग सळीच्या जागी हातोड्याने भोक पाडतात. मुठीएवढे वेडेवाकडे भोक प्रत्येक थरात असते आणि प्रत्येक भोकाच्या खाली एक रिकामा खण राहतो. मागणीपत्रावर ‘दोन्ही बाजूंनी उघड्या पोकळीचा ब्लॉक’ असे लिहिलेले नसेल तर पुढची सगळी काळजी फुकट जाते.

आता एक खोली घेऊन दाखवते. सहा मीटर बाय साडेचार मीटरची, एका दाराची आणि दोन खिडक्यांची. ब्लॉक ४०० बाय २०० बाय २००, भिंत तीन मीटर उंच. चार कोपऱ्यांत चार सळ्या, दाराच्या दोन बाजूंना दोन, खिडक्यांच्या बाजूंना चार, म्हणजे एकूण दहा. सळी १२ मिलिमीटरची धरू. जोत्यातून ती ६०० मिलिमीटर वर काढलेली हवी, म्हणजे पन्नास पटींचा जोड मिळतो. ती पोकळीच्या मधोमध यावी यासाठी जोत्याचे काँक्रीट टाकण्याआधी ब्लॉकचा पहिला थर कोरडाच मांडून सळ्यांच्या जागा खुणावून घ्याव्या लागतात. हे केले नाही की सळी ब्लॉकच्या मधल्या पडद्यावर येते, मग कोणीतरी ती पाइपने वाकवतो, किंवा ब्लॉक बसत नाही म्हणून कापूनच टाकतो. कापलेली सळी नंतर कोणालाच सापडत नाही. खिडकीतून ती लगेच सापडते.

पहिल्या थरात या दहा ठिकाणी ग्राइंडरने ब्लॉकच्या दर्शनी बाजूला साधारण ७५ बाय १०० मिलिमीटरची खिडकी कापायची. भिंत रचताना एक गोष्ट गवंड्याला मुद्दाम सांगावी लागते. पोकळ ब्लॉकला तो सवयीने फक्त दोन लांब कडांवर माल लावतो, आणि इतर ठिकाणी ते बरोबरच आहे. पण ज्या पोकळीत ग्राउट जाणार तिच्या चारही बाजूंना माल हवा, नाहीतर पातळ ग्राउट शेजारच्या रिकाम्या पोकळ्यांत पळते. आत आलेली मालाची कोर ओली असतानाच थापीने काढायची. सात थर झाले, म्हणजे १.४ मीटर, की थांबायचे. परदेशी नियमांत १.६ मीटरपर्यंतच्या ओतकामाला खिडकी सक्तीची नाही, पोकळी वरून साफ करून पाहिली तरी चालते. मी ती १.४ मीटरलाही मागते, कारण आपल्याकडे वरून पाहणारा बहुधा कोणी नसतो. खिडकी असली की पाहणे राहून गेलेले निदान दिसून येते.

सात थरांनंतर रात्रभर सांधे धरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी वरून सळईने कोरी पाडायच्या, खिडकीतून हाताने कचरा काढायचा आणि आत टॉर्च मारायचा. जोत्याचे काँक्रीट स्वच्छ दिसले पाहिजे. दोन सळ्या शेजारी शेजारी, तारेने बांधलेल्या, ब्लॉकच्या कडेपासून निदान बोटभर सुटलेल्या दिसल्या पाहिजेत. हे पाहिले, फोटो काढला, की मग खिडकीला फळीचा तुकडा टेकवून ओतायला सुरुवात.

पोकळीचे आतले माप अंदाजे १३० बाय १५० मिलिमीटर धरले तर एका मीटर उंचीत साडेएकोणीस लिटर ग्राउट मावते. सात थरांपैकी वरचे चार सेंटिमीटर मोकळे सोडायचे, म्हणजे पुढचे ओतकाम त्यात गुंतते. तेव्हा एका पोकळीत जायला हवे साधारण साडेसव्वीस लिटर. घमेले बाजूला ठेवा आणि दहा लिटरची बादली वापरा. प्रत्येक पोकळीत दोन बादल्या पूर्ण आणि तिसरी निम्म्याहून जास्त जायलाच हवी. दोनच बादल्यांत पोकळी तोंडाशी आली, तर साडेसहा लिटर जागा आत कुठेतरी रिकामी आहे, म्हणजे फूटभर उंचीची पोकळी. ती कुठे असेल हे सांगायला नको. मग तिथेच थांबून, ग्राउट ओले आहे तोवर सळईने मोकळे करायचे किंवा खिडकी उघडून काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी काही करता येत नाही. दहा पोकळ्यांना मिळून २६५ लिटर होतात आणि एका गोणीतून साधारण दीडशे लिटर ग्राउट निघते, म्हणजे जवळजवळ दोन गोण्या. पहिल्या टप्प्याला एकच गोणी फुटली असेल तर भिंत फोडून पाहायची गरजच नाही, उत्तर मिळालेले असते. तुमच्या ब्लॉकची पोकळी वेगळी असेल. वर आणि खाली दोन्हीकडे मोजून सरासरी घ्या, कारण साच्यातून सुटावा म्हणून पोकळी निमुळती असते.

ओतल्यावर लगेच सळईने किंवा बारीक नीडल व्हायब्रेटरने एकदा हलवायचे. मग पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा. ही दुसरी फेरी जवळजवळ सगळीकडे चुकवली जाते. पहिल्या काही मिनिटांत ब्लॉक पाणी पितो, ग्राउट आक्रसते, बाजूने आणि सळीभोवती बारीक फट पडते. दुसऱ्यांदा हलवले की ती फट मिटते आणि वरची पातळी दोन-चार सेंटिमीटर खाली जाते. तेवढे पुन्हा भरायचे. पातळी अजिबात खाली गेली नाही तर दुसरी फेरी उशिरा झाली असे समजावे. पुढचे टप्पे लिंटलच्या पट्ट्यापर्यंत आणि मग छताच्या पट्ट्यापर्यंत याच रीतीने जातात. पट्ट्यासाठी यू आकाराचे ब्लॉक लावले तर वेगळे फळीकाम लागत नाही, मात्र उभ्या सळीच्या जागी त्यांच्या तळाला भोक हवे, नाहीतर खालची पोकळी तिथेच तुटते.

नंतर तपासायची एक रीत तर फुकट आहे. ग्राउटचे पाणी ब्लॉकमधून बाहेरच्या अंगाला येते. दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या ब्लॉकच्या भिंतीसमोर उभे राहिलात तर भरलेल्या पोकळ्या गडद ओल्या उभ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. पट्टा जिथे तुटतो, मधेच एक ब्लॉक फिकट कोरडा दिसतो, तिथे आत काही नाही. खडूने खूण करा, हातोडीने वाजवून पाहा, शंका राहिली तर सांध्यात ड्रिल घाला. पण त्यासाठी दोन अटी आहेत. भिंतीवर गिलावा चढलेला नसावा आणि भिंत बाहेरून भिजलेली नसावी. म्हणून ओतकामाच्या दिवशी क्युरिंगचे पाणी भिंतीवर मारू नये आणि पहिला टप्पा तरी पावसाआधी उरकावा. जूनमध्ये आपल्याकडची प्रत्येक भिंत वरपासून खालपर्यंत ओलीच असते, तिथे पट्टा वाचता येत नाही.

किनारपट्टीवरच्या कामांसाठी आणखी एक गोष्ट. खाडीची खारी रेती ग्राउटमध्ये जाऊ देऊ नका. अर्धवट भरलेल्या पोकळीत खारी दमट हवा खेळते आणि सळी आतल्या आत खाल्ली जाते, मी पाहिलेल्या त्या सळीसारखी. धुतलेली रेती किंवा क्रशरची वाळू घेतली आणि पोकळी पूर्ण भरली, तर तीच सळी सिमेंटच्या आत सुरक्षित राहते.

खिडकीने सगळे प्रश्न सुटत नाहीत हेही मला माहीत आहे. ब्लॉकच कमी ताकदीचा असेल, हाताने दाबल्यावर कडा सुटत असतील, तर आतले ग्राउट कितीही चांगले असले तरी बाहेरचे कवच फुटेल. हैतीत १२ जानेवारी २०१० ला पोकळ ब्लॉकच्या हजारो इमारती कोसळल्या. तिथे कच्चे ब्लॉक आणि सळीचा अभाव हे दोन्ही दोष एकत्र होते. म्हणून ब्लॉकची चाचणी वेगळी हवीच. पण ब्लॉकचे नमुने प्रयोगशाळेत जातात, सळीचे जातात, सिमेंटचे जातात. पोकळीचा नमुना कुठेच जात नाही. ती फक्त साइटवर, ओतण्याआधीच्या त्या एका सकाळी बघता येते.

तेव्हा माझी विनंती अशी. निविदेच्या तपशिलात खिडकीचे वाक्य, दोन्ही बाजूंनी उघड्या पोकळीच्या ब्लॉकची अट आणि १० मिलिमीटर खडीच्या पातळ ग्राउटची स्वतंत्र बाब घालावी. ग्राउट स्लॅबच्या काँक्रीटच्या दरात मिसळले की ठेकेदार स्लॅबचेच काँक्रीट वापरणार, त्याला दोष देता येत नाही. मोजमाप पुस्तिकेत प्रत्येक पोकळीला क्रमांक देऊन तीन नोंदी व्हाव्यात : खिडकीतून पाहिल्याची तारीख, किती लिटर गेले आणि दुसऱ्या दिवशीचा ओला पट्टा सलग होता की तुटलेला. या नोंदी आणि फोटो असल्याशिवाय सळी आणि ग्राउट या दोन्ही बाबींचे बिल मंजूर होऊ नये. एका खोलीच्या पहिल्या टप्प्याला खिडक्या कापण्यात एका माणसाचा अर्धा दिवसही जात नाही. कनिष्ठ अभियंत्याला मात्र त्या सकाळी साइटवर यावे लागेल, आणि त्याच्या अंगावर चार साइट असतील तर ते जमणार नाही. म्हणून ओतकामाची सूचना ठेकेदाराने निदान दोन दिवस आधी लेखी द्यावी, हेही त्याच तपशिलात यावे.

तयार तपशील, पोकळीच्या मापावरून लिटर काढायचा तक्ता आणि खिडकी कुठे कापायची याचे रेखाचित्र मी मराठीत करून ठेवले आहे. खात्याने बोलावल्यास येत्या हंगामातल्या कोणत्याही एका शाळेच्या कामावर पहिल्या ओतकामाला मी स्वतः उभी राहीन, गवंड्यांना आणि अभियंत्यांना बादलीचा हिशेब तिथेच करून दाखवीन.

आपली,
एक स्ट्रक्चरल इंजिनीअर, फोंडा